कपॅसिटर आधीच चार्ज असेल तर एस-डोमेनमध्ये सर्किट कसं सोडवायचं

लाप्लास घेऊन सर्किट सोडवताना बहुतेकांचं गणित एकाच ठिकाणी फसतं, स्विच हलायच्या आधी कपॅसिटरवर जे व्होल्टेज होतं आणि इंडक्टरमधून जो करंट वाहत होता ते कुठे घालायचं हेच कळत नाही. सोपा उपाय असा की त्या दोन्ही गोष्टींना जादा सोर्स समजायचं आणि सर्किटच्या आकृतीतच दाखवायचं, मग ते डीसी सर्किटसारखंच सुटतं.

एक सर्किट घेऊ. 12 व्होल्टची बॅटरी, पुढे स्विच, मग 3 ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर एक नोड. त्या नोडपासून ग्राउंडला 0.5 फॅरडचा कपॅसिटर, आणि त्याच नोडपासून दुसऱ्या वाटेने 1 हेन्रीचा इंडक्टर आणि त्याच्याच सिरीजमध्ये आणखी एक 3 ओहम. (0.5 फॅरड म्हणजे केवढा, वगैरे विचारू नका, आकडे सोपे यावेत म्हणून घेतलाय.) स्विच बराच वेळ बंद होता म्हणजे बॅटरी जोडलेली होती, आणि t = 0 ला तो उघडला.

आधी जुनं सर्किट बघा. स्विच उघडायच्या क्षणापर्यंत सगळं स्थिर झालेलं, म्हणजे इंडक्टर नुसती वायर आणि कपॅसिटर ओपन. करंट 12 भागिले 6 म्हणजे 2 अँपिअर, आणि नोडवर 6 व्होल्ट. हे दोन आकडे लिहून ठेवा, बॅटरीचं काम इथे संपलं. बरेच जण इथे नव्या सर्किटवरून सुरुवातीच्या किमती काढायला जातात आणि तिथेच चुकतं.

आता नवं सर्किट एस-डोमेनमध्ये काढा. उरलाय एकच लूप: कपॅसिटर, इंडक्टर, रेझिस्टर. कपॅसिटरच्या जागी 2/s ची इम्पिडन्स आणि तिच्या सिरीजमध्ये 6/s चा व्होल्टेज सोर्स, प्लस वरच्या बाजूला, कारण कपॅसिटरची वरची प्लेटच प्लस होती. इंडक्टरच्या जागी s ची इम्पिडन्स आणि सिरीजमध्ये L गुणिले i(0), म्हणजे 2 चा सोर्स. याला s ने भागायचं नाही, टाइम डोमेनमध्ये तो इम्पल्स असतो.

या दुसऱ्या सोर्सची दिशा सगळ्यात जास्त चुकते. मी लक्षात ठेवतो ते असं: इंडक्टरला जुना करंट चालूच ठेवायचा असतो, म्हणून सोर्स त्या करंटला ढकलतो, करंट ज्या टोकातून बाहेर पडतो तिकडे प्लस.

इथे जुना करंट नोडकडून खाली रेझिस्टरकडे जात होता आणि कपॅसिटरही त्याच दिशेने ढकलतोय, म्हणून दोन्ही सोर्सची बेरीज:

```
6/s + 2 = I(s)·(s + 3 + 2/s)
I(s) = (2s + 6)/((s+1)(s+2))
i(t) = 4e^(-t) - 2e^(-2t)
```

कपॅसिटरचं व्होल्टेज काढताना जरा थांबा. हात आपोआप 2/s गुणिले I(s) लिहितो, ते चुकीचं, कारण खरा कपॅसिटर म्हणजे इम्पिडन्स आणि तो 6/s चा सोर्स दोन्ही मिळून, टर्मिनल त्या जोडीच्या बाहेर आहेत. म्हणून:

```
Vc(s) = 6/s - (2/s)·I(s)
      = (6s + 14)/((s+1)(s+2))
vc(t) = 8e^(-t) - 2e^(-2t)
```

इंडक्टरचंही तसंच, त्याच्या टोकांवरचं व्होल्टेज s·I(s) वजा 2.

तपासणी करा, मिनिटभराचं काम आहे. t = 0 टाका: करंट 4 वजा 2 म्हणजे 2 अँपिअर, व्होल्टेज 8 वजा 2 म्हणजे 6, दोन्ही जुन्या आकड्यांशी जुळले. इंडक्टरचा सोर्स उलटा लावला असता तर सुरुवातीचा करंट उणे 2 आला असता आणि चूक लगेच पकडली गेली असती. अजून एक: t = 0 ला vc चा उतार उणे 8 अधिक 4 म्हणजे उणे 4, आणि करंट भागिले कपॅसिटन्स म्हणजे 2 भागिले 0.5, तेही 4, कपॅसिटर डिस्चार्ज होतोय म्हणून चिन्ह उणे.

लूपऐवजी नोडने सोडवायचं असेल तर सिरीज सोर्स अडचणीचे वाटतात, तेव्हा कपॅसिटरला पॅरलल करंट सोर्स लावा, किंमत C गुणिले v(0), इथे 3, दिशा नोडमध्ये आत येणारी. इंडक्टरची शाखा सिरीजमध्ये आहे म्हणून तिचा 2 तसाच ठेवला तरी चालतो:

```
(s/2)·Vc - 3 + (Vc + 2)/(s + 3) = 0
```

यातून Vc(s) वरचंच येतं, करून बघा. आणि हो, ट्रान्सफर फंक्शन मागितलं असेल तर हे सगळे जादा सोर्स शून्य करायचे, तिथे सुरुवातीच्या किमती धरत नाहीत.