अशक्त शिंगरू: रक्त कधी तपासायचं, प्लाझ्मा कधी द्यायचा

वासराप्रमाणेच शिंगरूही जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं जवळजवळ नसतातच. घोडीच्या वारेतून ती पोटातल्या पिल्लापर्यंत पोहोचत नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून. शिंगराचं आतडं ती शोषून घेतं तेही थोडेच तास. पहिल्या सहा ते आठ तासांत भरपूर, मग झपाट्याने कमी, आणि साधारण चोवीस तासांनी दार बंद. म्हणून सगळं घड्याळ बघून करायचं असतं.

अकलूजच्या घोडेबाजारातून आणलेली गाभण मारवाडी घोडी सांगोल्याकडच्या एका वस्तीवर पहाटे चार वाजता व्यायली, असं समजू. शिंगरू साधारण ४० किलोचं. निरोगी शिंगरू तासाभरात उभं राहतं, दोन तासांत पितं, आणि घोडीची वार तीन तासांत पडते. हे मात्र सात वाजता कसंबसं उभं राहिलं आणि भिंतीला तोंड लावून चोखत बसलं. घोडीची कास टच्च भरलेली, आणि शिंगराच्या कपाळावर दुधाचे थेंब वाळलेले. हे थेंब फार बोलके असतात. शिंगरू कासेखाली उभं राहतं, पण पीत नाही. पान्हा त्याच्या डोक्यावर गळतो.

आधी ताप बघा. ९९ ते १०२ अंश फॅरनहाइट ठीक. त्याखाली असेल तर कोरड्या गोणपाटाने पुसून, पांघरुण घालून आधी ऊब द्या. गार पडलेल्या शिंगराला दूध पचत नाही. मग स्वच्छ बोट तोंडात घाला. जोरात चोखलं तर बाटलीने पाजता येतं. चोखत नसेल तर जबरदस्तीने पाजू नका, दूध फुप्फुसात जाईल. डॉक्टरांकडून नाकातून नळी घालून चीक द्या. एवढ्या शिंगराला पहिल्या सहा-आठ तासांत एक ते दोन लिटर चीक लागतो, तासाला पाव लिटरच्या हिशेबाने. घोडीची कास व्यायच्या आधीपासूनच गळत असेल तर चांगला चीक वाहून गेलेला असतो. अशा वेळी दुसऱ्या घोडीचा गोठवून ठेवलेला चीक शोधा.

रक्त तपासायची योग्य वेळ अठरा ते चोवीस तासांची, म्हणजे आपल्या उदाहरणात रात्री दहानंतर. पण शिंगरू इतकं मलूल असेल तर दहा-बारा तासांनीच एकदा बघावं, म्हणजे उरलेल्या वेळात आणखी चीक देता येतो. प्रतिद्रव्यं डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर असली तर पुरेशी, ४०० ते ८०० अर्धवट, ४०० खाली अपुरी. तयार किट नसेल तर ग्लुटराल्डिहाइडची चाचणी साध्या प्रयोगशाळेतही होते. अर्धा मिलिलिटर सीरममध्ये १० टक्के ग्लुटराल्डिहाइडचे ५० मायक्रोलिटर टाकायचे आणि परीक्षानळी अधूनमधून तिरपी करून बघायची. दहा मिनिटांत गोठलं तर ८०० च्या वर, तासाभरात गोठलं तर ४०० च्या वर, तासानंतरही पातळ राहिलं तर त्याखाली. रक्तपेशी फुटून सीरम लाल झालं असेल तर निकालावर विश्वास ठेवू नका, पुन्हा रक्त घ्या.

आपल्या शिंगराचं सीरम पस्तीसाव्या मिनिटाला गोठलं. म्हणजे अर्धवट. खरा निर्णय इथे आहे, आणि तो एकट्या आकड्यावर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. शिंगरू उड्या मारत असतं, गोठा स्वच्छ असता, तर लक्ष ठेवून थांबता आलं असतं. पण याला रात्री १०३ ताप आहे, नाळ ओली आहे, पिणं मंदच. त्यामुळे दुसऱ्या घोड्याच्या रक्तातला प्रतिद्रव्यं असलेला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, शिरेतून द्यायचाच. जंतुसंसर्गाची शंका आहे म्हणून रक्ताचा नमुना कल्चरसाठी घेऊन प्रतिजैविकंही लगेच सुरू करायची.

एक लिटर प्लाझ्माने एवढ्या शिंगराच्या प्रतिद्रव्यांची पातळी साधारण २०० ने वाढते; संसर्ग असेल तर कमीच. म्हणून इथे एक लिटरने सुरुवात. गोठवलेली पिशवी कोमट पाण्यातच वितळवा. कढत पाण्यात प्रथिनं नासतात. तयार प्लाझ्मा मिळाला नाही तर डॉक्टर दात्याचं रक्त सायट्रेटच्या पिशवीत घेतात. घोड्याच्या रक्तपेशी लवकर तळाशी बसतात, वरचा प्लाझ्मा वेगळा करता येतो. दाता घोडा कधीही न व्यालेला आणि कधीही दुसऱ्याचं रक्त न दिला गेलेला असावा, ग्लँडर्स आणि संसर्गजन्य ॲनिमियाच्या चाचण्या झालेल्या असाव्यात.

गाळणी असलेल्या सेटने, पहिली पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू सोडा. अंगावर काटा, थरथर, धाप किंवा पोटदुखी दिसली तर लगेच थांबवायचं. दुसऱ्या दिवशी तीच चाचणी पुन्हा करा. सीरम अजूनही दहा मिनिटांत गोठत नसेल आणि ताप उतरला नसेल, तर आणखी एक लिटर द्यावा लागेल, आणि शिंगराला वस्तीवर न ठेवता सलाइन व देखरेखीची सोय असलेल्या दवाखान्यात घोडीसकट हलवावं.