भाषणांचे दाखले देताना या चुका टाळा

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे लोकसभेच्या कामकाजाची असंशोधित, म्हणजे दुरुस्त्या न झालेली, प्रत अंतिम समजून उद्धृत करणे. बैठकीनंतर लवकर मिळणाऱ्या प्रतीवर ती असंशोधित असल्याचा शेरा छापलेला असतो. घाईतल्या नवशिक्यांना फक्त वाक्य हवे असते, तो शेरा ते वाचतच नाहीत.

माझ्याकडे तपासायला आलेल्या एका प्रबंधात एका सदस्याचे एक झणझणीत वाक्य अवतरणात होते आणि अख्खे प्रकरण त्यावर उभे होते. मी लोकसभेच्या कामकाजाचा अंतिम खंड काढून पाहिला, तर त्या जागी फक्त फुल्या होत्या आणि तळटीपेत अध्यक्षांच्या आदेशाने मजकूर वगळल्याची नोंद होती. लोकसभेच्या नियम ३८० खाली असभ्य किंवा बदनामीकारक शब्द असे काढता येतात. विद्यार्थ्याचे म्हणणे, "पण ते बोलले होते ना!" बोलले असतील, पण सभागृहाच्या नोंदीत ते आता नाही. शिवाय वगळलेला मजकूर छापणे हा हक्कभंग ठरू शकतो. पाटण्याच्या 'सर्चलाइट' या वृत्तपत्राने १९५७ मध्ये बिहार विधानसभेतले भाषण वगळलेल्या भागासह छापले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि निकाल विधानसभेच्या बाजूने लागला. प्रबंधातले ते प्रकरण शेवटी सदस्याच्या अंतिम खंडात उरलेल्या भाषणावर नव्याने लिहावे लागले.

माझी सवय अशी: असंशोधित प्रत फक्त शोधायला वापरायची. अवतरण अंतिम खंडावरून शब्दन् शब्द ताडायचे आणि खंड, अंक, दिनांक, स्तंभ तिथूनच घ्यायचे. अंतिम खंड निघाला नसेल, तर दाखल्यातच 'असंशोधित' लिहायचे.

दुसरी चूक जाहीर भाषणांची: लिखित प्रतच प्रत्यक्ष भाषण म्हणून देणे. लिंकन यांचे १८६३ चे गेटिसबर्गचे भाषण घ्या. त्यांच्या हस्ताक्षरातल्या पाच प्रती आहेत. जॉन निकोले आणि जॉन हे या त्यांच्या सचिवांकडच्या पहिल्या दोन प्रतींत 'अंडर गॉड' हे शब्द नाहीत, नंतरच्या तिन्हींत आहेत. वार्ताहरांनी त्याच दिवशी टिपलेल्या मजकुरातही आहेत, म्हणजे ते बहुधा व्यासपीठावरच उच्चारले गेले. सर्वत्र कोरली जाते ती या नंतरच्या तिन्हींतली ब्लिस प्रत, पण ती १८६४ ची आहे. त्यामुळे लिंकन काय म्हणाले हे सांगायचे असेल तर वार्ताहरांचा मजकूर घ्या, त्यांनी मजकूर कसा घडवला हे सांगायचे असेल तर हस्तलिखिते घ्या, आणि कोणती प्रत वापरली ते नावाने लिहा. दोन प्रती जोडून तिसरे वाक्य बनवणे मला अक्षम्य वाटते.

अमेरिकी काँग्रेसच्या नोंदीत १९७८ पासून काळ्या ठिपक्याने खूण केलेला मजकूर सभागृहात बोललेला नसतो. त्याला 'म्हणाले' लावू नका.

हॅन्सार्ड या ब्रिटिश संसदेच्या कामकाजाच्या नोंदीच्या दैनिक अंकातले स्तंभ क्रमांक बांधीव खंडात बदललेले असू शकतात. कुठला वापरला ते लिहा.