सरांचं मराठी शिफारसपत्र परदेशी अर्जाला जोडताना

मराठी माध्यमातून एम.ए. करून बाहेर अर्ज करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. ट्रान्सक्रिप्ट, पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा यांबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल. मी बोलणार आहे ते फक्त शिफारसपत्राबद्दल, तेही सरांनी लेटरहेडवर मराठीत, स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या.

पत्र कुणाचं घ्यायचं, यावर माझं मत ठाम आहे. प्राचार्यांचा हुद्दा मोठा असला, तरी त्यांनी तुमची एक ओळ वाचलेली नसते. ज्यांनी तुमच्या प्रबंधाचे कच्चे खर्डे लाल केले, त्यांच्याकडे जा. आणि कुणी म्हणालं, "मसुदा तूच करून आण, मी सही करतो," तर खूश होऊ नका. आपण स्वतःची स्तुती कशी करतो, ते वाचणाऱ्याला चटकन कळतं.

आधी विद्यापीठाच्या पानावरची अट वाचा. काही ठिकाणी पत्र थेट सरांच्या ईमेलवर मागवतात. अमेरिकेतल्या अर्जात तर, १९७४ च्या फर्पा कायद्याने मिळणारा पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का, असं विचारतात. तो सोडलात की पत्राला हात लावायचा नाही. सर आणि भाषांतरकार परस्पर बघतील. माझा अर्ज ब्रिटनमधला होता आणि पत्र उघडं चालणार होतं: मूळ पत्र आणि सोबत प्रमाणित भाषांतर. पुढचं सगळं त्याच प्रकाराबद्दल.

आता फोटो. इथे घाई केलीत तर मरण आहे, म्हणून जरा लांबण लावते.

माझं क्षेत्रकार्य करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवरच्या मजुरांवर होतं. सरांनी पत्रात लिहिलं होतं, "तिच्या क्षेत्रकार्याच्या नोंदींमध्ये मला कधी ढिसाळपणा आढळला नाही." सर ओळ कागदाच्या अगदी टोकापर्यंत नेतात. 'आढळला' टोकाला गेलं आणि 'नाही' त्यांनी त्याच्याखाली तिरपं, बारीक अक्षरात बसवलं. विभागातल्या टेबलावर कुणीतरी फोटो काढला तेव्हा कागदाची उजवी कड वर उचललेली होती. व्हॉट्सअ‍ॅपवरून येताना फोटो आणखी दाबला गेला आणि ते 'नाही' कडेच्या सावलीत गडप झालं. राजारामपुरीतल्या भाषांतरकाराने जे दिसलं ते इंग्रजीत उतरवलं. सरांना माझ्या नोंदींत अधूनमधून ढिसाळपणा आढळला, असं माझ्याच शिफारसपत्रात आलं! सरांनी इंग्रजी प्रत वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हे मी कधी म्हणालो?"

आपल्या वाक्यात क्रियापद आणि नकार शेवटी येतात, म्हणजे नेमके ओळीच्या उजव्या टोकाला, जिथे फोटो सगळ्यात आधी बिघडतो. नकार गेला तरी उरलेलं वाक्य धडधाकट दिसतं, त्यामुळे भाषांतरकाराला शंकाही येत नाही. दुसरी अडचणीची जागा सहीजवळची. गोल शिक्का शेवटच्या ओळीवर बसतो आणि जांभळ्या शाईखाली एखादा शब्द जातो. तिसरी हस्ताक्षरातले आकडे. १ आणि ९ तर हमखास गोंधळ करतात.

म्हणून कागद सपाट ठेवा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. मोबाईल कागदाला समांतर धरा आणि चारही कोपरे चौकटीत येऊ द्या. फोटो मोठा करून प्रत्येक ओळीचं उजवं टोक मूळ कागदाशी ताडून पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जो शब्द लागतच नाही, तिथे भाषांतरकाराने अंदाज न बांधता चौकटी कंसात 'अवाच्य' अशी नोंद करायची असते. तशी नोंद आली तर घाबरू नका. सरांना तो शब्द विचारायचा, पुन्हा स्वच्छ फोटो काढायचा, की काम झालं.

आता स्तुतीकडे येऊ. सरांचं मुख्य वाक्य असं होतं: "माझ्या अध्यापनाच्या काळात इतक्या चिकाटीने क्षेत्रकार्य करणारे विद्यार्थी मला मोजकेच भेटले, ही त्यांपैकी एक आहे." पहिल्या भाषांतरात याचं झालं, 'शी इज हार्डवर्किंग.' सरांनी तुलना कुणाशी केली, किती काळातली केली आणि कोणत्या कामाबद्दल केली, या तिन्ही गोष्टी गेल्या आणि उरलं ते कुणालाही लागू पडणारं विशेषण. यावर माझ्या मामेभावाचा सल्ला, "सरळ 'बेस्ट स्टुडंट ऑफ माय करिअर' टाक, कोण विचारतंय?" सरांनी मला सर्वांत चांगली म्हटलेलंच नाही. मोजक्यांपैकी एक म्हटलंय, तेही क्षेत्रकार्यापुरतं. 'वन ऑफ द व्हेरी फ्यू' असं आलं की माप बरोबर बसतं. शिवाय ब्रिटनमधली शिफारसपत्रं सहसा अमेरिकेतल्यांइतकी सढळ नसतात. फुगवलेलं वाक्य तिथे आणखी डोळ्यांत खुपतं.

पत्रात 'समाधानकारक' असेल तर जरा जपून. आपल्याकडे दाखल्यावर तो शब्द सहज पडतो, इंग्रजी पत्रात मात्र 'सॅटिस्फॅक्टरी' म्हणजे जेमतेम पास. तरी भाषांतरकाराला 'एक्सलंट कर' म्हणायचं नाही. सरांना तो शब्द तिकडे कसा वाचला जातो ते सांगा. त्यांना जास्त म्हणायचं असेल तर ते मूळ मराठी पत्रच बदलून देतील. जोर वाढवायचा तर तिथे, सरांच्या हाताने. मला हे पहिल्यांदा विचारताना घाम फुटला होता, पण सर रागावले नाहीत.

'होतकरू'चं तर 'नीडी' झालं होतं. शिष्यवृत्तीच्या जाहिरातींतल्या 'गरीब व होतकरू'ची सवय, दुसरं काय! तिथे 'प्रॉमिसिंग' हवं.

औपचारिकपणाचा फार बाऊ करू नका. 'सदर विद्यार्थिनी'चं 'द सेड स्टुडंट' केलं की पत्राचा पंचनामा होतो. तिथे आडनाव घालून 'मिस अमुक' चालतं. 'असून'ने जोडलेलं लांबलचक वाक्य दोन वाक्यांत तोडलं तरी हरकत नाही, मात्र त्यातला 'मात्र' गळता कामा नये. सरांनी लिहिलं होतं, "इंग्रजी लेखनाला अजून सराव हवा, मात्र युक्तिवाद पक्का असतो." हे काढून टाका, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. मी ठेवलं. जो माणूस एवढं मोकळेपणाने सांगतो, त्याची स्तुतीही खरी वाटते असं माझं मत. आणि तसंही, मूळ पत्रात आहे ते भाषांतरातून गाळलं तर त्याला भाषांतर म्हणता येत नाही.

शिक्का, सही, जावक क्रमांक, तारीख यांचंही भाषांतर लागतं. शिक्क्यातला मजकूर चौकटी कंसात येतो आणि सहीच्या जागी 'सही' एवढाच शब्द. शेवटी भाषांतरकाराचं निवेदन हवं: भाषांतर पूर्ण व अचूक आहे, खाली त्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क. हे काम तुम्ही स्वतः करू नका, इंग्रजी कितीही फर्डं असलं तरी. अर्जदाराने स्वतःच्या स्तुतीचं केलेलं भाषांतर कोण धरणार? पीडीएफमध्ये आधी मूळ पत्र, मग भाषांतर, मग निवेदन. अपलोड करण्याआधी दोन्ही प्रती सरांसमोर ठेवा आणि त्यांना मराठीतलं एकेक वाक्य मोठ्याने वाचायला सांगा. इंग्रजी प्रतीवर बोट तुमचं.