प्लांट हेडसोबत सेफ्टी वॉकला जाताना

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू झालात की थोड्याच दिवसांत एक काम गळ्यात पडतं: प्लांट हेडची सेफ्टी वॉक. वेळ ठरवायची, बरोबर फिरायचं, टिपणं घ्यायची आणि नंतर पाठपुरावा करत बसायचं. डिप्लोमात कारखाना कायदा शिकवतात, पण साहेबांना एका मशीनपाशी दहा मिनिटं उभं कसं करायचं हे शिकवत नाहीत. मी प्रेस शॉपमधला माणूस आहे, म्हणून तिथलंच सांगतो.

पहिली गोष्ट, ताफा कमी करा. साहेब, तुम्ही आणि फार तर आणखी एक जण. मागे एचआर, क्वालिटी, फोटो काढणारा असा लवाजमा असला की ऑपरेटर मान खाली घालून काम करतो आणि विचारलं की "सगळं ठीक आहे साहेब" एवढंच म्हणतो. कंत्राटदाराचा सुपरवायझर तर मुळीच नको. ज्याच्या हातात उद्याची हजेरी आहे त्याच्यासमोर कंत्राटी कामगार तोंड उघडणार नाही. आणि तो बिहारचा किंवा ओडिशाचा असेल तर बोलणं हिंदीतच करा, उगाच मराठीचा आग्रह नको.

दुसरी गोष्ट, सगळा शॉप फिरायचा नाही. एका तासात चाळीस मशीन पाहिली की हाती लागतं ते ठरलेलं असतं: कुणाचा गॉगल डोक्यावर, कुठे तेल सांडलंय, कुठे पिवळी पट्टी पुसली गेलीय. हे सगळं सुपरवायझरला रोज दिसतं, त्यासाठी प्लांट हेड कशाला हवा? मी आदल्या दिवशी टूल रूमच्या तक्रारींची वही आणि निअर मिस रजिस्टर शेजारी ठेवून वाचतो. एखादी डाय परत परत दिसली की वॉक तिथेच न्यायची. वेळही कामाप्रमाणे ठरवायची. डाय बदलताना किंवा तिसऱ्या शिफ्टच्या मध्यावर जे दिसतं ते सकाळी अकराला दिसत नाही.

याचं सगळ्यात कडू उदाहरण समुद्रातलं आहे. 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या रिगवर स्फोट झाला, 11 माणसं गेली. त्याच दिवशी बीपी आणि ट्रान्सओशनचे वरिष्ठ अधिकारी रिगवर अशाच फेरीला आले होते. घसरून पडणं, उंचीवरून पडणं यांबद्दल त्यांनी बारकाईने चौकशी केली. ड्रिलिंगच्या केबिनमध्येही ते गेले. तिथे विहिरीच्या दाबाच्या चाचणीवर खल चालला होता. पण आपल्यामुळे कामात व्यत्यय नको म्हणून ते पुढे निघाले. नंतर चाचणीचं विचारलं तेव्हा सगळं ठीक असल्याची खूण मिळाली, आणि विषय तिथेच मिटला. हेतू वाईट नव्हता. पण माणूस पडेल का एवढंच बघायचं ठरवून गेलं की विहीर फुटेल का हा प्रश्न सुचतच नाही. प्रेस शॉपमध्ये 'विहीर' म्हणजे डायच्या आत जाणारा हात.

तर आमच्याकडची एक फेरी. वहीत एका ब्रॅकेटच्या डायपुढे "पार्ट चिकटतो" असं वारंवार लिहिलं होतं. साहेबांना थेट त्या प्रेसकडे नेलं आणि ऑपरेटरच्या पाठीमागे नव्हे, त्याला दिसू अशा ठिकाणी, पिवळ्या पट्टीबाहेर उभे राहिलो. आधी नुसतं बघायचं. चालू स्ट्रोकमध्ये कुणाशी बोलायचं नाही, ही माझी एकच सक्त अट असते. पहिले काही पार्ट व्यवस्थित निघाले. मग एक वरच्या डायला चिकटून राहिला. ऑपरेटरने हात लाइट कर्टनमधून आत घातला, पार्ट ओढला, पुन्हा दोन्ही बटणं दाबली. चुंबकाचा चिमटा होता, पण मागच्या ट्रॉलीवर.

इथे साहेब "अहो, हात!" म्हणून ओरडले असते तर सगळं संपलं असतं. अर्थात जीवाला तत्काळ धोका असेल तर काम थांबवायचंच, तिथे शिष्टाचार नाही. इथे प्रेस न्यूमॅटिक क्लचची होती. कर्टनचा किरण तुटला की रॅम मध्येच थांबतो, म्हणून त्या क्षणी हात जाणार नव्हता. जुनी पिन क्लचची प्रेस असती तर गोष्ट वेगळी होती. ती एकदा सुटली की स्ट्रोक पूर्ण करूनच थांबते, म्हणून तिच्यावर लाइट कर्टन लावला तरी उपयोग नाही. शॉपमध्ये कुठल्या प्रेसला कुठला क्लच आहे हे साहेबांना आधीच सांगून ठेवा.

पार्टची लॉट संपल्यावर ऑपरेटरला प्रेस थांबवायला सांगितलं. साहेबांनी नमस्कार करून विचारलं, "दादा, या डायवर सगळ्यात त्रासाचं काय आहे?"

"पार्ट चिकटतो साहेब."

"कधी चिकटतो?"

"सुरुवातीला नाही. शीटला तेल जास्त आलं की चिकटतो. जेवणानंतर तर फारच."

"मग चिमटा का नाही घेत?"

"घेतो की. पण तो मागे आहे. दर वेळी वळलो तर तासाचा आकडा होत नाही."

"कुणाला सांगितलंत?"

"सेटरला. तो म्हणाला, टूल रूम बघेल."

या चार प्रश्नांत "का?" एकदाच आला, तोही शेवटाकडे. सुरुवातीलाच "का केलंत?" विचारलं की माणूस बचावाला लागतो. "कधी", "कशाने", "काय त्रास" या प्रश्नांना तो कामाची माहिती देतो. आणि उत्तर आल्यावर साहेबांनी तिथेच भाषण सुरू केलं तर त्यांना हळूच बाजूला घ्या.

डाय उतरवल्यावर कारण सापडलं. वरच्या डायमध्ये स्प्रिंगवरची एक छोटी पिन असते. तेलाच्या पातळ थरामुळे शीट डायला चिकटते, ती पिन तिला ढकलून सोडवते. तिची स्प्रिंग तुटली होती.

आता नोंद. नवखा ऑफिसर लिहितो: "ऑपरेटरने डायमध्ये हात घातला. समज देण्यात आली." ही ओळ लिहून बंद करायला सोपी आहे आणि तिने काही बदलत नाही. शिवाय पुढच्या फेरीला तो माणूस तुम्हाला एक शब्द सांगणार नाही. आम्ही असं लिहिलं:

दिसलं: चिकटलेला पार्ट काढायला हात लाइट कर्टनच्या आत जातो, चिमटा हाताशी नाही.
कळलं: शीटवर तेल वाढलं की पार्ट चिकटतो, तक्रार सेटरपर्यंत पोचली होती.
कारण: वरच्या डायमधल्या पिनची स्प्रिंग तुटलेली, डायच्या तपासणी यादीत ती पिनच नाही.
करायचं: चिमट्याचा स्टँड प्रेसच्या उजव्या खांबावर आजच, लाइन सुपरवायझर. स्प्रिंग बदलेपर्यंत ही डाय चढवायची नाही, टूल रूम प्रमुख. सगळ्या फॉर्मिंग डायच्या यादीत पिन घालणं, महिनाअखेर, टूल रूम प्रमुख.

ऑपरेटरचं नाव कुठेही नाही. प्रत्येक कामापुढे खातं नव्हे, एक माणूस आणि तारीख. "टूल रूम" लिहिलं की ते कुणाचंच नसतं. तासाच्या आकड्याचा मुद्दा मात्र फॉर्ममध्ये बसला नाही. तो साहेबांनी प्रॉडक्शनच्या बैठकीत स्वतः घेतला, कारण तो त्यांच्याशिवाय कुणालाच हलवता आला नसता. प्लांट हेडला फेरीवर न्यायचं ते याचसाठी.

काही कंपन्यांत प्रत्येक मॅनेजरला महिन्याला इतक्या नोंदींचं टार्गेट असतं. मग कार्डं कॅन्टीनमध्ये बसून भरली जातात. ओळखायची खूण सोपी आहे: सगळ्या नोंदी साफसफाईच्या, एकाही नोंदीत कामगाराचं म्हणणं नाही, आणि सगळ्या त्याच दिवशी बंद.

मुद्दा बंद करताना फोटोवर विश्वास ठेवू नका. आम्ही ती डाय पुन्हा चढल्यावर जेवणानंतर, शीटला तेल भरपूर असताना, जाऊन उभे राहिलो. पार्ट चिकटला नाही. मग त्याच ऑपरेटरला काय काय झालं ते सांगितलं. त्याने लगेच शेजारच्या प्रेसच्या फूट पॅडलचं कव्हर दाखवलं, आणि पुढच्या फेरीचा मार्ग ठरला.