चॅरिटी रन: पहिल्या दहा किलोमीटरमध्ये या चुका टाळा

दर डिसेंबरला ओळखीतलं कुणीतरी पहिल्यांदा हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, धावतं आणि संध्याकाळी मला फोन करतं, "पंधरानंतर पायच उचलेनात हो." मी एवढंच विचारतो, "पहिला किलोमीटर किती मिनिटांत?" उत्तर ठरलेलं: ठरवलेल्यापेक्षा मिनिटभर आधी.

मी शहाणपणा शिकवतोय, पण माझ्या पहिल्या एकवीसला मीही हेच केलं. लक्ष्य होतं अडीच तास, म्हणजे किलोमीटरला साधारण सात मिनिटं सात सेकंद. सुरुवात पुण्यात विद्यापीठाजवळून. पहाटेची थंडी, कडेला ढोलताशा, पाठीवर संस्थेचं नाव छापलेला टी-शर्ट आणि समोर शिवाजीनगरकडचा उतार. पहिला किलोमीटर ५:५० ला झाला. दम लागला नव्हता, म्हणून वाटलं, आज तब्येत खूश आहे! दहाच्या पाटीपाशी ६६ मिनिटं झाली होती, म्हणजे पाच मिनिटं कमावलेली. उरलेल्या अकरा किलोमीटरना १०४ मिनिटं लागली. परतीला तोच उतार चढ होऊन पुढ्यात आला, ऊन वर आलेलं आणि मी दुभाजकाला धरून पोटऱ्या ताणत उभा. एकूण वेळ २:५०. कमावलेल्या पाच मिनिटांपायी पंचवीस गेली.

दम का लागला नाही, हे समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. शर्यतीआधीच्या आठवड्यात सराव कमी केलेला असतो, पाय ताजे असतात. त्यात गर्दीचा जोश. शिवाय वेग वाढवला की श्वास आणि नाडी लगेच त्या वेगाला पोचत नाहीत, थोडा वेळ मागे राहतात. म्हणून पहिल्या किलोमीटरला तुमचं शरीर जे सांगतं त्यावर विश्वास ठेवू नका. वेग जास्त असला की स्नायूंमधला साठवलेला ग्लायकोजेन भराभर जळतो. तो संपत आल्याचं कळतं ते पंधरा-सोळाच्या पुढे, तेव्हा उपाय उरलेला नसतो.

आता मी असं करतो. पहिले तीन किलोमीटर ७:२५ ने, मुद्दाम कंटाळवाणे. शेजारून आजोबा पुढे गेले तरी जाऊ देतो. चौथ्यापासून दहापर्यंत ७:०७ च्या आसपास. या हिशेबाने दहाची पाटी ७२ मिनिटांना येते, म्हणजे सरळ ७:०७ ने धावण्यापेक्षा फक्त मिनिटभर उशीर. एवढ्यासाठी लोक जीव का काढतात, मला खरंच कळत नाही.

श्वास तपासायला मी सतराचा पाढा पुटपुटतो. "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न" एवढं एका दमात निघालं तर ठीक. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी. पाढा येत नसेल तर घरचा पत्ता पिनकोडसकट म्हणा. शेजारचे हसतात, हसू देत.

दुसरी चूक घड्याळाची. स्क्रीनवरचा त्या क्षणाचा पेस उंच इमारतींमध्ये आणि पुलाखाली वाट्टेल तसा उड्या मारतो. तो ६:२० दाखवतो म्हणून लोक थबकतात, ७:५० दाखवतो म्हणून पळतात. तो आकडा काढून तिथे Lap Pace, म्हणजे चालू लॅपचा सरासरी पेस, लावा आणि ऑटो लॅप एक किलोमीटरला ठेवा. घड्याळ पाटीच्या थोडं आधी वाजलं तर भांबावू नका, वळणांवर आणि गर्दीतून आपण जरा जास्तच धावलेलो असतो. सोसायटीतल्या एकाने यंदा नवं महागडं घड्याळ घेतलं. मॅन्युअल वाचायला सांगितलं, तर म्हणाला, "त्यात काय वाचायचंय?"

गर्दीतून नागमोडी वाट काढणं. चॅरिटी रनला पुढे सेल्फीवाले आणि लेकरांना घेऊन चालणारे असणारच. बिबवर चिप असेल तर तुमची वेळ तुम्ही मॅट ओलांडल्यावर सुरू होते, बंदुकीपासून नाही. मागे उभं राहा, वाट मोकळी होईपर्यंत ढकलाढकली नको.

मॅटवर उशिरा पोचल्यावर ठरावीक वेगाने धावून वाट दाखवणाऱ्या, पुढे गेलेल्या पेसरला पहिल्याच किलोमीटरला गाठणं: करू नका.

पहिलं पाणी गर्दी आहे म्हणून सोडणं: तेही नको. दोन घोट प्या, चालत प्या.

आणि एवढं वाचूनही जोरात सुटलात आणि चौथ्या किलोमीटरला घड्याळात ६:०० दिसलं, तर "आता कमावलंय, टिकवू" हा हिशेब करू नका. तिथेच पूर्ण एक मिनिट चाला, पाढा सलग निघेपर्यंत ७:३० ने धावा आणि मगच ७:०७ वर या. चाललेलं ते मिनिट मला तरी कधी महागात पडलेलं नाही.