दोन दोर, एक होडी आणि न जुळणारा रिझल्टंट

मालवणला भाच्याचा फिजिक्सचा गृहपाठ अडला होता. गणित मी किनाऱ्यावर ओढायच्या होडीचंच घेतलं, एका दोराला ४०० न्यूटन, दुसऱ्याला ३००, मधला कोन ६०°; दोन्ही मिळून होडीवर लागणारं एकूण बल, म्हणजे रिझल्टंट, काढायचं. स्केल १ सेमी = ५० न्यूटन, म्हणजे ८ सेमी आणि ६ सेमी.

समांतरभुज चौकोनाचा कर्ण आला साधारण १२.२ सेमी, पण हेड टू टेलमध्ये, म्हणजे पहिल्या रेघेच्या टोकापासून दुसरी रेघ काढून, भाच्याला ७.२च येत होते. दोन्ही आकृत्या सारख्याच यायला हव्यात ना! बघितलं तर ८ सेमीच्या टोकावर त्याने त्रिकोणाच्या आतला कोन ६०° घेतलेला. खरं तर पहिली रेघ पुढे वाढवायची आणि त्या वाढीव रेघेपासून ६०° मोजायचे, मग आतला कोन आपोआप १२०° होतो. ७.२ म्हणजे चौकोनाचा दुसरा कर्ण, ती झाली दोन बलांची वजाबाकी.

मग हिशोबाने तपासलं:

R = √(400² + 300² + 2×400×300×cos 60°) = √370000 ≈ 608 N

१२.२ × ५० = ६१०, पेन्सिलीच्या जाडीएवढा फरक चालतोच. दिशेसाठी tan θ = 260/550, म्हणजे ४००च्या दोरापासून साधारण २५°, कोनमापकावरही तेच. आणि एक, कोन ९०° पेक्षा कमी असेल तर उत्तर काटकोनातल्या ५००पेक्षा जास्तच हवं, ३६० आलं की आकृती गंडलीय समजा.