पदरातला एकच मोर नव्या लेयरवर

पैठणीच्या पदराच्या फोटोतला एकच मोर पत्रिकेच्या कोपऱ्यात हवा असेल, तर फोटोशॉपच्या Layers पॅनलमध्ये आधी त्या फोटोच्याच लेयरवर क्लिक करा. मग M दाबून मोराभोवती चौकोन ओढा आणि Ctrl+J दाबा. कॉपी मूळ जागीच बसते, म्हणून काहीच झालं नाही असं वाटतं; खालच्या लेयरचा डोळा बंद करून पाहा. निवडलेला भाग रिकामा असल्याचा मेसेज आला, तर बहुधा भलताच लेयर निवडलेला असतो. चौकोन तसाच ठेवून लेयर तेवढा बदला. कडा धूसर आल्या, तर वरच्या पट्टीत मागच्या कामाचं Feather राहिलेलं असतं. ते 0 px करून चौकोन पुन्हा ओढावा लागतो, आधीच्या चौकोनाला बदल लागू होत नाही.